एका ग्रॅमचे तीन तास

आयसीयूतल्या एका खाटेशेजारी सिरिंज पंप चालू आहे. सिरिंजवरच्या चिकटपट्टीवर औषधाचं नाव लिहिलंय : मेरोपेनेम, एक ग्रॅम. दट्ट्या इतका सावकाश सरकतोय की नुसत्या डोळ्यांना तो हललेला कळत नाही. हेच औषध पाच मिनिटांतही शिरेतून देता येतं, पण इथे त्यासाठी तीन तास ठरवले आहेत. पलीकडच्या खाटेवरच्या वृद्ध बाईंना तोच आजार, तोच जंतू आणि तेच औषध आहे. त्यांना मात्र अर्धाच ग्रॅम आणि तोही दर बारा तासांनी मिळतोय. काचेबाहेर उभ्या असलेल्या दोन्ही घरच्या नातेवाइकांना शंका येते. एकाला वाटतं, पेशंट इतका गंभीर असताना औषध एवढं रेंगाळत का देतात? दुसऱ्याला वाटतं, आपल्याच माणसाला कमी का?

दोन्ही शंकांचं उत्तर एकच आहे. या जातीच्या औषधांच्या बाबतीत रक्तातली पातळी किती उंच गेली याला फारसं महत्त्व नसतं. ती पुरेशा उंचीवर किती वेळ टिकली याला असतं. आणि ती किती वेळ टिकणार, हे बहुतांशी मूत्रपिंडं ठरवतात.

भिंत बांधणाऱ्याचे हात

पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, पिपरासिलिन, सेफ्ट्रिअ‍ॅक्झोन, सेफेपिम, मेरोपेनेम ही सगळी एकाच कुळातली औषधं. त्यांच्या रेणूत चार अणूंचं एक लहानसं कडं असतं. त्याला बीटा-लॅक्टम म्हणतात आणि त्यावरूनच सगळ्या कुळाचं नाव पडलंय.

जिवाणूभोवती एक जाळीदार भिंत असते. जिवाणू वाढत असताना ती सतत उसवावी आणि पुन्हा विणावी लागते. विणीचे धागे एकमेकांना बांधण्याचं काम काही विकरं, म्हणजे एन्झाइम्स, करतात. बीटा-लॅक्टमचं कडं नेमकं या विकरांना जाऊन चिकटतं आणि त्यांना निकामी करतं. भिंत उसवण्याचं काम चालूच राहतं, बांधण्याचं थांबतं आणि शेवटी जिवाणू फुटतो. पण त्यासाठी जिवाणू वाढत असावा लागतो, आणि औषध तिथे काही तास हजर असावं लागतं.

इथे एक मर्यादा येते. सगळी विकरं अडकली की आणखी औषध ओतून काही साधत नाही, कारण अडकवायला उरतंच काय? प्रयोगशाळेत असं दिसतं की जंतूची वाढ रोखायला जेवढी तीव्रता लागते, तिच्या चार-पाच पटींपर्यंत मारण्याचा वेग वाढतो आणि त्यापुढे जवळजवळ स्थिरावतो. दुसरीकडे, औषध त्या किमान पातळीखाली घसरलं की बरेचसे जंतू लवकरच नवी विकरं तयार करून पुन्हा वाढायला लागतात. जेंटामायसिन किंवा अमिकासिन यांचा स्वभाव याच्या नेमका उलट. ती जितकी उंच चढतील तितक्या वेगानं मारतात आणि उतरल्यावरही त्यांचा वचक काही काळ राहतो. म्हणून ती दिवसातून एकदाच, मोठ्या डोसात दिली जातात. बीटा-लॅक्टमना हे जमत नाही.

ही किमान पातळी मोजण्याची पद्धत साधी आहे. प्रयोगशाळेत नळ्यांची एक रांग मांडतात. प्रत्येक नळीत औषध आधीच्या नळीच्या दुप्पट असतं : दर लीटरला १ मिलिग्रॅम, मग २, ४, ८, १६. सगळ्यांत तोच जंतू तेवढ्याच संख्येनं सोडतात आणि रात्रभर उबेत ठेवतात. सकाळी काही नळ्या गढूळ झालेल्या असतात, काही स्वच्छ. स्वच्छ राहिलेल्या नळ्यांपैकी सर्वांत कमी औषध जिच्यात असेल, तिचा आकडा म्हणजे त्या जंतूसाठी त्या औषधाची ‘किमान रोधक तीव्रता’. डॉक्टरांच्या तोंडी ती ‘एमआयसी’ असते. मोजणी दुपटीच्या पायऱ्यांनी होत असल्यामुळे ४ हा आकडा दुसऱ्या दिवशीच्या चाचणीत ८ येणं किंवा २ येणं हेही नेहमीचंच.

उंदरांनी दिलेलं उत्तर

वेळेचं महत्त्व पेनिसिलिनच्या पहिल्या दशकातच लक्षात आलं होतं. अमेरिकेत हॅरी ईगल हा शास्त्रज्ञ प्राण्यांमध्ये तेच पेनिसिलिन वेगवेगळ्या वेळापत्रकांनी देऊन पाहत होता. १९५०मध्ये त्यानं निष्कर्ष मांडला, की औषध जंतू मारण्याइतक्या पातळीवर एकूण किती काळ राहिलं यावर गुण अवलंबून असतो. मधल्या काळात नवनवी औषधं येत गेली, डोस मोठे होत गेले आणि हा मुद्दा मागे पडला.

तो पुन्हा ठामपणे पुढे आणला विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या विल्यम क्रेग यांनी. त्यांच्यापुढची अडचण अशी होती : डोस वाढवला की पातळीची उंचीही वाढते, दिवसभरात शरीराला मिळणारं एकूण औषधही वाढतं आणि पातळी किमान रेषेच्या वर राहण्याचा काळही वाढतो. मग गुण आला तो तिघांतल्या कशामुळे, हे कसं ओळखायचं? क्रेग यांनी त्यासाठी पांढऱ्या पेशी कमी केलेले उंदीर वापरले, म्हणजे उंदराच्या स्वतःच्या प्रतिकाराचा हिशेबात घोळ होणार नाही. संसर्ग झालेल्या उंदरांना एकच औषध अनेक तऱ्हांनी दिलं. एकूण मात्रा तेवढीच ठेवून कुणाला एकदम, कुणाला विभागून, कुणाला तासातासानं. दुसऱ्या दिवशी किती जंतू उरले ते मोजलं.

मग तेच आकडे तीन आलेखांवर मांडले. उंचीच्या आलेखावर ठिपके इकडेतिकडे विखुरले, एकूण मात्रेच्या आलेखावरही विखुरले. एमआयसीच्या वर गेलेल्या वेळेच्या आलेखावर मात्र ते एका वळणदार रेषेवर नीट बसले.

अशा प्रयोगांतून ढोबळ लक्ष्यं ठरली. दोन डोसांमधल्या काळाच्या किती टक्के वेळ औषध एमआयसीच्या वर असायला हवं? मेरोपेनेमच्या गटासाठी सुमारे ४० टक्के, पेनिसिलिनच्या गटासाठी सुमारे ५० टक्के आणि सेफॅलोस्पोरिनसाठी ६० ते ७० टक्के. हिशेबात धरायचं ते फक्त मोकळं औषध. रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेला भाग जंतूपर्यंत पोहोचत नाही. मेरोपेनेम जवळजवळ सगळंच मोकळं असतं. सेफ्ट्रिअ‍ॅक्झोनचा ८५ ते ९५ टक्के भाग चिकटलेला असतो. आयसीयूतल्या अत्यवस्थ रुग्णांसाठी आता बरेच तज्ज्ञ शंभर टक्के वेळेचं लक्ष्य धरतात, कारण उंदराच्या मांडीतला संसर्ग आणि माणसाच्या सुजलेल्या फुप्फुसातला संसर्ग सारखे नसतात.

दुप्पट डोस की सहापट वेळ

आता पहिल्या खाटेचा हिशेब मांडून पाहू. रुग्ण कल्पित आहे, आकडे मात्र मेरोपेनेमच्या खऱ्या स्वभावाला धरून आहेत. अठ्ठावीस वर्षांचा तरुण, मोटारसायकलचा अपघात, व्हेंटिलेटर आणि त्यावर झालेला न्यूमोनिया. थुंकीत स्यूडोमोनास हा जंतू सापडला आणि मेरोपेनेमची एमआयसी आली ८. युरोपीय मापदंडांत ही अगदी कडेची पायरी आहे. वाढीव मात्रा दिली तरच गुणाची आशा, आणि त्याच्या पुढचा जंतू सरळ दाद न देणारा मानला जातो.

शरीरात औषध साधारण २० लीटर पाण्यात पसरतं असं धरू. मूत्रपिंडं ठीक असतील तर मेरोपेनेमची पातळी दर तासाला निम्मी होते. एक ग्रॅम अर्ध्या तासात दिलं तर शेवटी पातळी दर लीटरला ४२ मिलिग्रॅमपर्यंत चढते. एका तासानं २१, दोन तासांनी साडेदहा, आणि आणखी पंचवीस मिनिटांनी ती ८च्या खाली जाते. म्हणजे आठ तासांपैकी जेमतेम दोन तास पन्नास मिनिटं औषध कामावर होतं. टक्केवारी ३५. लक्ष्य हुकलं. पुढचे पाच तास जंतूला मोकळं रान.

डोस दुप्पट केला तर? दोन ग्रॅम अर्ध्या तासात दिलं तर पातळी ८५च्या आसपास जाते. पण पहिल्याच तासात ती पुन्हा ४२ होते आणि तिथून पुढचा प्रवास आधीसारखाच. दुप्पट औषध देऊन हाती लागला तो एक तास. वेळ झाला सुमारे तीन तास पन्नास मिनिटं.

आता औषध न वाढवता फक्त वेळ वाढवू. तोच एक ग्रॅम, अर्ध्या तासाऐवजी तीन तासांत. पातळी सावकाश चढते आणि साधारण पस्तीस मिनिटांत ८ ओलांडते. तीन तासांनी ती २१वर असते, म्हणजे आधीच्या शिखराच्या निम्मीच. पण आठाखाली ती घसरते ते औषध सुरू केल्यापासून चार तास चोवीस मिनिटांनी. रेषेच्या वर घालवलेला काळ तीन तास पन्नास मिनिटं, म्हणजे ४८ टक्के. एका ग्रॅमनं दोन ग्रॅमचं काम केलं. दोन ग्रॅम तीन तासांत दिलं तर पाच तासांहून अधिक, ६४ टक्के.

यामागचं कारण त्या निम्मं होण्यातच आहे. शरीर प्रत्येक तासाला ठरावीक मिलिग्रॅम बाहेर टाकत नाही, असेल त्याच्या ठरावीक हिश्श्याला वाट दाखवतं. पातळी ८०वर असताना तासाभरात ४० उणे होतात; १६वर असताना आठच. उंच शिखर गाठण्यासाठी वापरलेलं औषध सर्वांत वेगानं वाया जातं, आणि जंतूसाठी त्या उंचीचा उपयोग तसाही नसतो.

जंतू नाजूक असेल तर ही खटपट लागत नाही. एमआयसी ८ऐवजी २ असती, तर अर्ध्या तासात दिलेल्या साध्या एका ग्रॅमनंही ६० टक्क्यांचा टप्पा ओलांडला असता. उलट एमआयसी ६४ असेल तर तीन तासांत दिलेले दोन ग्रॅमही ४२च्या वर जात नाहीत. औषध एक क्षणही रेषेला शिवत नाही. एनडीएमसारखी औषध फोडणारी विकरं बनवणारे क्लेबसिएला भारतातल्या आयसीयूंना ओळखीचे आहेत, आणि त्यांच्यापुढे पंपाची गती कितीही मंद केली तरी फरक पडत नाही. तिथे औषधच बदलावं लागतं. पंप कामी येतो तो मधल्या पट्ट्यात.

पंप लावताना

कागदावर सोपं दिसणारं हे तंत्र खाटेशेजारी काही ठिकाणी अडकतं.

पहिली गोष्ट पहिल्या डोसाची. जंतुदोष रक्तात पसरलेला असताना पातळी चढायला पस्तीस मिनिटं थांबणं परवडत नाही. म्हणून पहिला डोस भरभर दिला जातो आणि पुढचे डोस पंपावर जातात. जगभर वापरल्या जाणाऱ्या २०२१च्या सेप्सिस मार्गदर्शक सूचनांतही हाच क्रम सुचवलेला आहे.

दुसरी अडचण नळीची. शंभर मिलीलीटरच्या पिशवीत औषध मिसळून साध्या सलाईनच्या सेटनं दिलं आणि शेवटचे वीस मिलीलीटर नळीतच राहिले, तर औषधाचा पाचवा हिस्सा रुग्णापर्यंत पोहोचतच नाही. चार्टवर नोंद मात्र पूर्ण डोसची होते. म्हणून औषध संपल्यावर थोडं सलाईन सोडून नळी धुऊन घ्यावी लागते, आणि तेही त्याच संथ गतीनं. तिसरी अडचण उष्णतेची. मेरोपेनेम पाण्यात मिसळल्यावर हळूहळू विघटित होतं आणि खोली गरम असेल तर आणखी लवकर. चोवीस तासांचं औषध सकाळीच भरून ठेवणं त्यामुळे जमत नाही. तीन तासांचा डोस हा त्यातला व्यवहार्य मार्ग ठरतो. शिवाय दिवसाचे नऊ तास एक शीर अडकून पडते, आणि तिच्यातून सोबत कुठलं औषध सोडायचं नाही हे नर्सला ध्यानात ठेवावं लागतं.

एवढं करून माणसं वाचतात का? अमेरिकेतल्या ऑल्बनीच्या रुग्णालयातल्या नोंदींवरून थॉमस लॉडिस आणि सहकाऱ्यांनी २००७मध्ये एक तुलना प्रसिद्ध केली. स्यूडोमोनासचा संसर्ग झालेल्यांपैकी सर्वांत गंभीर गटात, पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम नेहमीसारखं अर्ध्या तासात दिलेल्यांपैकी ३१.६ टक्के रुग्ण चौदा दिवसांत दगावले होते. चार तासांत दिलेल्यांपैकी १२.२ टक्के. आकडे थक्क करणारे होते, पण हा मागे वळून पाहिलेला अभ्यास होता. दोन्ही गट वेगवेगळ्या काळातले होते आणि त्यांच्यात इतरही फरक असू शकत होते.

खरी कसोटी लागली २०२४मध्ये. सात देशांतल्या सात हजारांहून अधिक आयसीयू रुग्णांना चिठ्ठी टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं. एका गटाला तीच औषधं दिवसभर सलग, दुसऱ्याला नेहमीसारखी थांबून थांबून. नव्वद दिवसांत सलग गटात २४.९ टक्के रुग्ण दगावले, दुसऱ्यात २६.८ टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या नेहमीच्या कसोटीवर थोडक्यात कमी पडला. पण त्याच सुमारास आधीच्या चाचण्यांचे आकडे यात मिळवून पाहिले तेव्हा सलग औषधाचं पारडं जड ठरलं. २००७च्या आकड्यांएवढी झेप कुठेच दिसली नाही. तेही साहजिक आहे : आयसीयूतल्या अनेक रुग्णांचे जंतू इतके कडेचे नसतात, आणि काहींच्या शरीरात औषध आपोआपच जास्त वेळ टिकतं. त्यांची मूत्रपिंडं थकलेली असतात.

मूत्रपिंडाचं घड्याळ

१२ फेब्रुवारी १९४१ या दिवशी ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ इन्फर्मरीत अल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायाला पेनिसिलिन द्यायला सुरुवात झाली. जंतुदोषानं पछाडलेला हा माणूस काही दिवसांत सुधारू लागला. पण औषध अगदी थोडं होतं आणि शरीर ते भराभर बाहेर टाकत होतं. संशोधक त्याची लघवी गोळा करून तिच्यातून पेनिसिलिन परत काढत आणि पुन्हा टोचत. तरीही साठा संपला. आजार उलटला आणि १५ मार्चला तो गेला. लघवीतून औषध परत मिळवता येत होतं, याचाच अर्थ मूत्रपिंडं ते जसंच्या तसं, वेगानं गाळत होती. पुढे ही गळती अडवण्यासाठी प्रोबेनेसिड हे औषधही शोधलं गेलं. पेनिसिलिन मुबलक झाल्यावर ते संधिवाताच्या एका प्रकारासाठी, गाऊटसाठी, वापरलं जाऊ लागलं.

या कुळातली बहुतेक औषधं त्याच वाटेनं जातात. मेरोपेनेमचा सुमारे ७० टक्के भाग लघवीतून न बदलता बाहेर पडतो. सेफ्ट्रिअ‍ॅक्झोन हा अपवाद. ते पित्तावाटेही जातं, प्रथिनांना चिकटून राहतं, त्याची पातळी निम्मी व्हायला आठ तास लागतात. म्हणून ते दिवसातून एकदाच पुरतं आणि केवळ मूत्रपिंड बिघडलं म्हणून त्याचा डोस सहसा बदलत नाहीत.

आता दुसरी खाट. सत्तर वर्षांच्या, ५५ किलो वजनाच्या बाई. रक्तातलं क्रिएटिनिन ३. मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता काढायला डॉक्टर अजूनही १९७६चं कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांचं सूत्र वापरतात. १४०मधून वय वजा करायचं, वजनानं गुणायचं, ७२ गुणिले क्रिएटिनिननं भागायचं आणि बाई असेल तर ०.८५नं गुणायचं. (१४० − ७०) × ५५ ÷ (७२ × ३) × ०.८५. उत्तर येतं मिनिटाला सुमारे १५ मिलीलीटर. निरोगी तरुणात हा आकडा शंभराच्या वर असतो.

अशा मूत्रपिंडात मेरोपेनेम निम्मं व्हायला तासाऐवजी समजा सहा तास लागतात. नेहमीसारखं दर आठ तासांनी एक ग्रॅम देत राहिलं तर मागचं संपायच्या आत पुढचं येतं आणि औषध साचत जातं. दोन-तीन दिवसांत पातळीचं शिखर ८०च्या वर आणि पुढच्या डोसाआधीची सर्वांत खालची पातळी ३३ होते. औषधाच्या माहितीपत्रकातला तक्ता १० ते २५ मिलीलीटरच्या पट्ट्यासाठी निम्मा डोस दर बारा तासांनी सांगतो. त्याप्रमाणे अर्धा ग्रॅम दर बारा तासांनी दिलं, तर शिखर ३३ आणि तळ ८च्या किंचित वर. म्हणजे एमआयसी ८ असूनही बाईंच्या रक्तात औषध सगळा वेळ रेषेच्या वर आहे. तरुणाला तीन ग्रॅम देऊन जे साधलं नाही, ते इथे दिवसाला एका ग्रॅममध्ये साधलं. तीन तासांचा पंप त्यांना लागत नाही. मंद झालेलं मूत्रपिंडच पंपाचं काम करतंय.

डोस कमी केला नाही तर काय होतं, याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण सेफेपिमचं. त्याची पातळी निरोगी माणसात दोन तासांत निम्मी होते, डायलिसिसवर असलेल्या माणसात सुमारे साडेतेरा तासांनी. अशा माणसाला दोन ग्रॅम दर आठ तासांनी दिलं तर डोसाआधीची तळाची पातळी निरोगी माणसाच्या सुमारे तीसपट होऊ शकते. सेफेपिम मेंदूत शिरलं की तिथल्या शांत करणाऱ्या संदेशयंत्रणेत अडथळा आणतं. रुग्ण बहुधा चार-पाच दिवसांनी बरळायला लागतो, तेच शब्द पुन्हा पुन्हा उच्चारतो, हातपाय झटकतो किंवा एकदम गप्प होऊन टक लावून बसतो. घरच्यांना वाटतं अर्धांगाचा झटका आला. डॉक्टरांना वाटू शकतं की जंतुदोष मेंदूत गेला आणि मग अँटिबायोटिक आणखी वाढवलं जातं. काहींना आकडी आलेली असते, पण अंग हलत नाही. ती फक्त मेंदूच्या विद्युत आलेखात, म्हणजे ईईजीत दिसते. २०१२मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं याच धोक्याची सूचना काढली. नोंदवलेल्या रुग्णांपैकी बहुतेकांची मूत्रपिंडं बिघडलेली होती आणि अनेकांचा डोस त्यानुसार कमी केलेला नव्हता. औषध थांबवलं की सहसा काही दिवसांत माणूस ताळ्यावर येतो. गरज पडली तर डायलिसिसनं औषध काढून टाकता येतं.

पहिले दोन दिवस

मग क्रिएटिनिन वाढलेलं दिसलं की डोस लगेच तोडायचा? इथेच दुसऱ्या बाजूची चूक होते.

पहिल्या डोसाचा मूत्रपिंडाशी संबंध नसतो. औषध किती पाण्यात पसरणार यावर तो ठरतो, आणि जंतुदोषात भरपूर सलाईन घेतलेल्या, अंगाला सूज आलेल्या माणसात ते पाणी वाढलेलंच असतं. म्हणून मूत्रपिंड कसंही असलं तरी पहिला डोस पूर्ण द्यायचा. कपात पुढच्या डोसांपासून.

दुसरं, क्रिएटिनिन हा उशिरा बोलणारा साक्षीदार आहे. मूत्रपिंडं रात्री बंद पडली तरी सकाळच्या तपासणीत आकडा थोडाच वाढलेला असतो. तो चढायला एक-दोन दिवस लागतात. मूत्रपिंडं सावरली तरी तो तसाच उशिरा उतरतो. कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांचं सूत्र क्रिएटिनिन स्थिर आहे असं गृहीत धरतं, त्यामुळे झपाट्यानं बदलणाऱ्या आजारात ते दोन्हीकडे फसवतं. तासागणिक मोजलेली लघवी अशा वेळी जास्त लवकर खरं सांगते.

आणि जंतुदोषामुळे दुखावलेली मूत्रपिंडं बऱ्याचदा लवकर सावरतात. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी पाहणीत, दाखल होताना ज्यांची मूत्रपिंडं अचानक मंदावलेली होती, अशांपैकी निम्म्याहून अधिक जण अठ्ठेचाळीस तासांत सुधारलेले आढळले. त्या बाईंचंही तसंच झालं असं धरू. तिसऱ्या दिवशी लघवी वाढली, औषध निम्मं होण्याचा काळ सहा तासांवरून दोन तासांवर आला, पण चार्टवर डोस अर्धा ग्रॅम दर बारा तासांनी तसाच राहिला. आता औषध ८च्या वर राहतं ते बारांपैकी सव्वातीन-साडेतीन तास. सत्तावीस टक्क्यांच्या आसपास. ताप पुन्हा चढतो आणि दोष जंतूला दिला जातो.

म्हणूनच मेरोपेनेम किंवा पिपरासिलिनसारख्या, तुलनेनं कमी घातक औषधांचा डोस अचानक झालेल्या बिघाडात पहिले अठ्ठेचाळीस तास कमी करू नये, असं आता काही तज्ज्ञ सांगतात. सेफेपिमच्या बाबतीत ते स्वतःही हात आखडता घेतात. जुना, कायमचा मूत्रपिंडविकार असेल तर ही सवलत लागू होत नाही. तिथे मूत्रपिंड दोन दिवसांत सुधारणार नसतं. दाखल करताना रुग्णाचे सहा महिन्यांपूर्वीचे क्रिएटिनिनचे रिपोर्ट नातेवाइकांनी सोबत आणले, तर बिघाड आजचा की जुना हा प्रश्न तिथल्या तिथे सुटतो. खरं वजनही सांगायला हवं, कारण सूत्रात ते थेट येतं. डायलिसिसवरच्या माणसाची वेळही तितकीच महत्त्वाची. चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये रक्तातलं मेरोपेनेम निम्म्याच्या आसपास निघून जातं, म्हणून त्या दिवशीचा डोस मशीन सुटल्यावर देतात. आधी दिला तर त्यातला बराचसा मशीनमधून वाहून जातो.

या सगळ्या अंदाजांऐवजी रक्तातली औषधाची पातळी थेट मोजता येते, आणि काही मोठ्या केंद्रांत ती मोजलीही जाते. पुढच्या डोसाच्या अगदी आधी रक्त घेतात आणि तळाची पातळी एमआयसीशी ताडून पाहतात. पण नमुना लगेच थंड करावा लागतो, नाहीतर औषध नळीतच विघटित होतं, आणि रिपोर्ट त्याच दिवशी आला तरच पुढचा डोस बदलता येतो. ही सोय जिथे नाही तिथे रोज सकाळी चार आकडे शेजारी मांडून डोस नव्यानं लिहिला जातो : मागच्या चोवीस तासांतली लघवी, कालचं आणि आजचं क्रिएटिनिन, आणि प्रयोगशाळेतून आलेली एमआयसी.